नकिरा नामापुढचं वाक्य: कुरआनच्या आयतींत न दिसणारा ‘जो’ कसा ओळखावा

‘एक होता राजा, त्याला होत्या दोन राण्या.’ हे वाक्य लहानपणापासून आपल्या कानात आहे. यात ‘ज्या राजाला’ असं कुणी म्हणत नाही. आधी राजा येतो, मग ‘त्याला’ येतं, आणि तेवढ्यावर आपल्याला कळतं की दोन राण्या त्याच राजाच्या. ऐकणाऱ्याला अजून माहीत नसलेल्या नामाचं वर्णन अरबी भाषा नेमकं असंच करते. गंमत अशी की गोष्टीतल्या राजाला दोन राण्या सहज देणारे आपण अरबी शिकताना मात्र प्रत्येक ‘जो’साठी ‘अल्लज़ी’ शोधत बसतो. मी पहिल्या वर्षी केलेल्या भाषांतरांच्या वहीत शिक्षकांनी जागोजागी एकच प्रश्न लिहिला होता: हा अल्लज़ी कुठून आणला?

हा लेख अक्षरओळख आणि थोडं सर्फ-नह्व झालेल्यांसाठी आहे. आयती देवनागरीत दिल्या आहेत, पण देवनागरीत मोठा हे आणि छोटा हे, सीन, से आणि साद यांतला फरक दिसत नाही. म्हणून शेजारी मुसहफ उघडा ठेवा. इथे दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. अक्षराचा पाय मोडलेला नसेल तर त्यातला ‘अ’ पूर्ण उच्चारायचा. आणि शब्द जोडून वाचताना होणारे तजवीदचे बदल इथे धरलेले नाहीत, लिहिलेलं रूप ठेवलं आहे.

नियम एका ओळीत, मग त्याचं कारण

नाम मारिफा (निश्चित) असेल तर त्याच्यापुढच्या वर्णनाच्या वाक्याआधी अल्लज़ी, अल्लती, अल्लज़ीन यांपैकी योग्य रूप येतं. नाम नकिरा (अनिश्चित) असेल तर काहीच येत नाही, वाक्य नामाला थेट चिकटतं.

कारण सोपं आहे. विशेषण आपल्या नामासारखंच असावं लागतं, मारिफाला मारिफा आणि नकिराला नकिरा. अल्लज़ी हा शब्द स्वतःच मारिफा आहे, त्यामुळे नकिरा नामाचं विशेषण म्हणून तो बसूच शकत नाही. उलट नुसतं वाक्य नकिरासारखं मानलं जातं, म्हणून ते नकिराच्या मागे सरळ उभं राहतं. मदरशाच्या भाषेत पहिल्या रचनेला मौसूल-सिला म्हणतात आणि दुसऱ्या रचनेला मौसूफ-सिफत. आपल्याला दुसरी हवी आहे.

हे ताडून पाहायला अन्आम सूरेतली ९२वी आयत चांगली आहे: ‘व हाज़ा किताबुन् अन्ज़ल्नाहु मुबारकुन्’. ‘किताबुन्’च्या मागे आधी एक आख्खं वाक्य आहे, ‘अन्ज़ल्नाहु’ (आम्ही त्याला उतरवलं), आणि लगेच एक साधं विशेषण आहे, ‘मुबारकुन्’. दोघं एकाच नामाला लागून एकाच रांगेत उभे आहेत. वाक्य विशेषणाचं काम करतं म्हणजे काय, ते इथे डोळ्यांनी दिसतं. मराठीत: ‘आणि हा आम्ही उतरवलेला, बरकतीचा ग्रंथ आहे.’ ‘उतरवलेला’ या एका शब्दात मराठीने ते अख्खं वाक्य सामावून घेतलं. हे पुढे उपयोगी पडेल.

पहिली पायरी: नाम खरंच नकिरा आहे का?

बहुतेक वेळा तन्वीन पाहून काम होतं. शेवटी उन्, इन्, अन् असेल आणि आधी ‘अल्’ नसेल तर नाम नकिरा. पण दोन ठिकाणी ही खूण फसवते.

विशेषनामांनाही तन्वीन लागतं. ‘मुहम्मदुन् रसूलुल्लाहि’ (४८:२९) यात मुहम्मदुन् नकिरा नाही, ते व्यक्तीचं नाव आहे. त्याच्यापुढचं ‘रसूलुल्लाहि’ हे विशेषण नसून विधान आहे.

दुसरीकडे काही नामांना तन्वीन लागतच नाही, तरी ती नकिरा असतात. ‘सनाबिल’ (कणसं) हे तसं अनेकवचन आहे. इथे तन्वीन शोधत बसलात तर नाम हातून निसटतं. ‘अल्’ नाही, नाव नाही, पुढे कुणाचा षष्ठीसंबंध नाही आणि सर्वनामही जोडलेलं नाही, एवढं पाहिलं की पुरे.

दुसरी पायरी: परतणारं सर्वनाम शोधा

राजाच्या गोष्टीत ‘त्याला’ होतं, तसा अरबी वाक्यात नामाकडे परत जाणारा एक धागा लागतो. त्याला आइद म्हणतात. तो वचन-लिंगाने नामाशी जुळला पाहिजे. आइद सापडला की वर्णनाचं वाक्य सापडलं.

बकरा सूरेतली २८१वी आयत घ्या: ‘वत्तकू यौमन् तुर्जऊन फीहि इलल्लाहि’. ‘यौमन्’ नकिरा आहे. पुढे ‘तुर्जऊन’, म्हणजे तुम्ही परत नेले जाल, आणि मग ‘फीहि’, त्यात. शब्दशः ‘भ्या एका दिवसाला, तुम्ही परत नेले जाल त्यात, अल्लाहकडे.’ फीहिमधलं ‘हि’ पुल्लिंगी एकवचनी, यौमसुद्धा पुल्लिंगी एकवचनी. गाठ बसली. मराठीत: ‘ज्या दिवशी तुम्हाला अल्लाहकडे परत नेलं जाईल, त्या दिवसाची भीती बाळगा.’

मराठी करताना ‘त्यात’ गळून ‘ज्या दिवशी’ आलं, कारण प्रमाण मराठीत ‘ज्या दिवशी त्यात’ म्हणत नाहीत. उलट मराठीतून अरबी लिहिणारा ‘फीहि’ विसरतो, आणि त्याचं वाक्य हवेत लटकतं.

आता त्याच सूरेतली ४८वी आयत पाहा. ती याच शब्दांनी सुरू होते, पण पुढे वळण वेगळं आहे: ‘वत्तकू यौमन् ला तज्ज़ी नफ्सुन् अन् नफ्सिन् शैअन् व ला युक्बलु मिन्हा शफाअतुन् व ला युअ्खज़ु मिन्हा अद्लुन्’. कुठलाही जीव दुसऱ्या जिवाच्या काही कामी येणार नाही, त्याच्याकडून शिफारस स्वीकारली जाणार नाही, मोबदला घेतला जाणार नाही. यात आइद कुठे आहे?

घाईत ‘मिन्हा’कडे बोट जातं. माझंही गेलं होतं. पण ‘हा’ स्त्रीलिंगी आहे आणि यौम पुल्लिंगी, म्हणजे मिन्हा दिवसाकडे जात नाही. ते ‘नफ्स’कडे जातं, कारण अरबीत नफ्स स्त्रीलिंगी आहे. मग यौमचा धागा? तो इथे लिहिलेलाच नाही. तफसीरकार तिथे ‘फीहि’ मनात धरतात: ‘असा दिवस, की (त्यात) कुठलाही जीव…’. वेळ दाखवणाऱ्या नामांमागे हा आइद असा गाळला जातो, कारण दिवसाचा वाक्याशी संबंध ‘त्यात’ याशिवाय दुसरा काय असणार. वाचणारा तो आपोआप भरतो. २८१मध्ये तो उच्चारला आहे, ४८मध्ये आणि तिच्यासारख्याच १२३मध्ये नाही. या आयती शेजारी-शेजारी लिहून काढा. एकदा हाताने लिहिलं की लिंग तपासल्याशिवाय आइद ठरवायचा नाही, ही सवय लागते.

तिसरी पायरी: एक आयत पूर्ण उकलून

आता अख्खी तरकीब करू. बकरा २:२६१: ‘मसलुल्लज़ीन युन्फिकून अम्वालहुम् फी सबीलिल्लाहि कमसलि हब्बतिन् अन्बतत् सब्अ सनाबिल फी कुल्लि सुन्बुलतिन् मिअतु हब्बतिन्’. ही आयत मी मुद्दाम निवडली, कारण दोन्ही रचना तिच्यात शेजारी बसल्या आहेत.

सुरुवातीला ‘अल्लज़ीन’ आहे. इथे खरा मौसूल आहे, ‘जे लोक’. त्यामागचं ‘युन्फिकून अम्वालहुम्’ (आपलं धन खर्च करतात) हा त्याचा सिला. हे लोक ठरलेले आहेत, म्हणून शब्द उघड आला.

मग उपमा येते, ‘कमसलि हब्बतिन्’, एका दाण्यासारखी. तन्वीन आहे, अल् नाही, म्हणजे नकिरा. पुढचा शब्द ‘अन्बतत्’ हे क्रियापद आहे, ‘तिने उगवली’. नकिरा नामाला क्रियापद थेट चिकटलं की थांबून विचारायचं: हे वर्णन आहे का? अन्बततच्या आत लपलेला कर्ता ‘ती’ आहे, आणि हब्बतुन् स्त्रीलिंगी आहे. लपलेलं सर्वनामसुद्धा आइद असू शकतं, ते वेगळं लिहिलेलं असायलाच हवं असं नाही. तेव्हा ‘सात कणसं उगवणारा एक दाणा’.

‘अन्बतत्’चं कर्म ‘सब्अ सनाबिल’, सात कणसं. आणि इथे दुसरा सांधा आहे. सनाबिलला तन्वीन नाही, पण ते नकिरा आहे हे आपण आधीच पाहिलं. पुढे ‘फी कुल्लि सुन्बुलतिन् मिअतु हब्बतिन्’, प्रत्येक कणसात शंभर दाणे. या वाक्यात क्रियापदच नाही, तरी तेही पूर्ण वाक्य आहे, आणि ते कणसांचं वर्णन करतं. आइद? ‘मिन्हा’ (त्यांतल्या) मनात धरायचं: त्यांतल्या प्रत्येक कणसात. अरबीत निर्जीव अनेकवचनाला स्त्रीलिंगी एकवचनी सर्वनाम चालतं, म्हणून हुन्न नव्हे, हा.

हे दोन सांधे ओळखले की आयतीचा आकार दिसतो. दाण्याच्या पोटात कणसं, कणसांच्या पोटात दाणे. एकेका वर्णनाच्या शेवटी असलेलं नाम पुढच्या वर्णनाचं मौसूफ होतं, आणि सात गुणिले शंभर म्हणजे सातशे हा हिशोब कुठेही न लिहिता वाचणाऱ्याच्या मनात होतो. मराठीत मी असं करतो: ‘अल्लाहच्या मार्गात जे आपलं धन खर्च करतात त्यांची उपमा एका दाण्याची. त्याला सात कणसं आली, एकेका कणसात शंभर दाणे.’ पहिल्या भागात ‘जे… त्यांची’ आहे, दुसऱ्यात राजाची गोष्ट. मूळ अरबीतला फरक असा मराठीतही राहतो. सगळीकडे ‘जो… तो’ लावलं तर अर्थ चुकत नाही, पण उपमेतला दाणा आधीपासून ओळखीचा असल्यासारखा वाटायला लागतो.

अजून एक प्रश्न राहतो, वर्णन संपतं कुठे? आयत पुढे ‘वल्लाहु युदाइफु लिमन् यशाउ’ अशी जाते. इथे ‘व’ आहे, पण कर्ता अल्लाह आणि कणसांकडे जाणारा धागा मनात धरूनही जुळत नाही. हे नवं वाक्य आहे. ४८व्या आयतीत मात्र ‘व ला… व ला…’ करत तीन वाक्यं पुढे जोडली आहेत आणि प्रत्येकात ‘त्या दिवशी’ बसतं, म्हणून ती सगळी त्या एकाच दिवसाचं वर्णन. ‘व’ दिसला की जोडून टाकायचं किंवा तोडून टाकायचं, असं दोन्ही करू नका. प्रत्येक वेळी धागा ओढून पाहा.

चौथी पायरी: क्रियापदाचा शेवटचा स्वर

आज्ञा किंवा विनंतीनंतर नकिरा आलं आणि मग क्रियापद आलं तर दोन शक्यता असतात. एक, ते क्रियापद नामाचं वर्णन आहे. दोन, ते विनंतीचं फळ आहे, ‘दे, म्हणजे असं होईल’. वर्णन असेल तर क्रियापद रफ्अमध्ये राहतं, फळ असेल तर जज़्म होतं. म्हणजे एका स्वरावर अर्थ वळतो, आणि मरयम सूरेत हे खरोखर घडलं आहे.

ज़करिया म्हातारपणी मागतात: ‘फहब् ली मिन् लदुन्क वलिय्यन्’, तुझ्याकडून मला एक वारस दे. इथे पाचवी आयत संपते. सहावी सुरू होते: ‘यरिसुनी व यरिसु मिन् आलि यअ्कूब’. आपल्याकडच्या छापील मुसहफांत, म्हणजे आसिमच्या किराअतीत हफ्सच्या रिवायतीने, ‘यरिसुनी’ पेशसह आहे. म्हणून हे ‘वलिय्यन्’चं वर्णन: ‘असा वारस, जो माझा आणि याकूबच्या घराण्याचा वारसा चालवील.’ अबू अम्र आणि किसाई हे दोन कारी मात्र ‘यरिस्नी व यरिस्’ असं जज़्मने वाचतात. मग अर्थ होतो, ‘वारस दे, म्हणजे तो वारसा चालवील.’ पहिल्यात मागणीच नेमकी आहे, कसला वारस हवा ते सांगितलं आहे. दुसऱ्यात मागणी साधी, पुढचा भाग तिचा परिणाम. दोन्ही किराअती मान्य आहेत. आपल्याला फक्त हे पाहायचं की समोरच्या मुसहफात कोणता स्वर आहे, आणि भाषांतर त्याच्याशी इमान राखतं का.

कसस सूरेत मूसा हारूनबद्दल म्हणतात, ‘फअर्सिल्हु मइय रिद्अन् युसद्दिकुनी’ (२८:३४), माझी सत्यता पटवून देणारा सहायक म्हणून त्याला माझ्यासोबत पाठव. तिथेही तेच. आसिम आणि हमज़ा रफ्अने वाचतात, बाकीचे ‘युसद्दिक्नी’.

मरयमच्या उदाहरणात आणखी एक अडचण आहे. मौसूफ एका आयतीच्या शेवटी आणि सिफत दुसऱ्या आयतीच्या सुरुवातीला. थांबून वाचलं की ‘वलिय्यन्’ ‘वलिय्या’ होतं, कानाला तन्वीन ऐकूच येत नाही, आणि सहावी आयत नव्या वाक्यासारखी वाटते. तेव्हा आयत क्रियापदाने सुरू झाली की एकदा मागच्या शब्दाकडे पाहून घ्या.

जिथे नियम मोडल्यासारखा वाटतो

हुमज़ा सूरा सगळ्यांना पाठ असते: ‘वैलुन् लिकुल्लि हुमज़तिन् लुमज़तिन्. अल्लज़ी जमअ मालन् व अद्ददहू’. हुमज़तिन् नकिरा आहे आणि मागे चक्क अल्लज़ी आला. मग आपला नियम? नियम शाबूत आहे. हा अल्लज़ी हुमज़तिन्चं विशेषण नाही. व्याकरणकार त्याला बदल मानतात, म्हणजे आधीच्या नामाच्या जागी आलेलं दुसरं नाम, किंवा मग निंदेसाठी स्वतंत्र तोडलेला भाग: ‘तोच तो, ज्याने माल गोळा केला आणि मोजत बसला’. कुठल्याही निंदकापासून सुरुवात होते आणि दुसऱ्या आयतीत बोट एकावर येऊन थांबतं. भाषांतरात ‘धिक्कार असो प्रत्येक टोमणे मारणाऱ्या, निंदा करणाऱ्याचा’ असं म्हणून मग नवं वाक्य सुरू करा: ‘ज्याने माल जमवला आणि पुन्हा पुन्हा मोजला.’ ताडून पाहायचं तर माऊन सूरेतलं ‘फवैलुन् लिल्मुसल्लीन. अल्लज़ीन हुम् अन् सलातिहिम् साहून’ घ्या. तिथे ‘अल्’ आहे, म्हणून अल्लज़ीन साधं विशेषण आहे आणि काही ओढाताण करावी लागत नाही.

याच्या उलट जुमुआ सूरेत आहे (६२:५): ‘कमसलिल् हिमारि यह्मिलु अस्फारन्’, पुस्तकं वाहणाऱ्या गाढवासारखं. इथे ‘अल्’ आहे, पण अल्लज़ी नाही. हे ‘अल्’ कुण्या ठरलेल्या गाढवाचं नाही, गाढव या जातीचं आहे. अर्थाने ते नकिराच्या जवळ जातं, म्हणून काही व्याकरणकार ‘यह्मिलु’ला सिफत मानतात आणि काही हाल, म्हणजे पुस्तकं वाहत असताना. मराठीत ‘पुस्तकं वाहणारं गाढव’ म्हटलं की दोन्ही मतं सांभाळली जातात. ‘ज्या गाढवावर’ म्हणाल तर उगाच एक गाढव निश्चित होतं.

हाल आणि सिफत यांचा गोंधळ एका खुणेने बराच कमी होतो. वर्णनासारख्या दिसणाऱ्या वाक्याआधी ‘व’ असेल तर ते बहुधा हाल. ‘अला कर्यतिन् व हिय खावियतुन् अला उरूशिहा’ (२:२५९) यात ‘व हिय’ आहे, म्हणून ‘छतांसह कोसळून पडलेली असताना’. त्याउलट यासीनमध्ये ‘व जाअ मिन् अक्सल् मदीनति रजुलुन् यस्आ’ (३६:२०), शहराच्या टोकाकडून धावत येणारा एक माणूस आला. रजुलुन् नकिरा, यस्आ थेट मागे, तर सिफत. कसस सूरेत हेच शब्द क्रम बदलून येतात, ‘व जाअ रजुलुन् मिन् अक्सल् मदीनति यस्आ’ (२८:२०). तिथे रजुलुन्ला ‘शहराच्या टोकाकडचा’ अशी थोडी ओळख आधीच मिळाली, म्हणून व्याकरणकार हालही चालवून घेतात. अशा जागी मी वाद घालत नाही, दोन्ही लिहून ठेवतो.

स्वतः करून पाहायला एक

यूसुफ सूरेत राजा स्वप्न सांगतो (१२:४३): ‘इन्नी अरा सब्अ बकरातिन् सिमानिन् यअ्कुलुहुन्न सब्उन् इजाफुन्’. बकरातिन् नकिरा, सिमानिन् (धष्टपुष्ट) साधं विशेषण, आणि मग थेट क्रियापद ‘यअ्कुलु’. इथे घाई केली तर धष्टपुष्ट गाई कर्ता होतात आणि त्या रोडक्या गाईंना खाऊ लागतात. ‘हुन्न’वर बोट ठेवा. हे कर्माचं सर्वनाम आहे, स्त्रीलिंगी अनेकवचनी, आणि ते मागे बकरातिन्कडे जातं. कर्ता पुढे आहे, ‘सब्उन् इजाफुन्’, पेश असलेला. ‘मला सात धष्टपुष्ट गाई दिसतात, त्यांना सात रोडक्या गाई खातायत.’ आइद चुकला असता तर राजाचं स्वप्न उलटं झालं असतं, आणि आधी सुकाळाची सात वर्षं, मग दुष्काळाची सात, ही यूसुफांनी सांगितलेली उकल त्याला लागूच पडली नसती.